अँकीत ६४० कार्डं थकलीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?

प्रश्न: "खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जातो, क्वालिटीत आहे. चार महिने बसमध्ये अँकीवर रोज इंग्रजी करत होतो. गणपतीत सुटलं ते सुटलंच. आता अ‍ॅप उघडलं की ६४० दिसतात आणि अपराध्यासारखं वाटून लगेच बंद करतो. सगळं पुसून परत पहिल्यापासून करू का?"

पुसू नका. त्या ६४० चा अर्थ आधी समजून घ्या. अँकी हे उजळणीचं अ‍ॅप प्रत्येक कार्डाला पुढच्या उजळणीची तारीख देतं. ज्या कार्डांची तारीख उलटून गेली, त्यांची ती मोजदाद आहे. कार्ड दोन दिवस थकलेलं असो वा चाळीस दिवस, ते एकदाच मोजलं जातं. त्यावर व्याज चढत नाही. तुम्ही पाहिलेली सगळी कार्डं थकली की आकडा तिथेच थांबतो.

दुसरं, यातलं सगळं विसरलेलं नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळ सोडून द्यायचे आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आठवत नाहीसं वाटणारंसुद्धा दुसऱ्यांदा कमी वेळात पाठ व्हायचं. पहिल्यापासून सुरू करणारा माणूस ही शिल्लकच फेकून देतो. आपल्याकडे कित्येकांचं इंग्रजी असंच अडतं: दर खंडानंतर पुन्हा काळांच्या तक्त्यापासून सुरुवात, त्यामुळे तक्ता पाठ आणि पुढचं पान कायम कोरं.

आता करायचं ते असं. डेकवर, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्यावर, बोट दाबून धरा, Deck options उघडा. New cards/day मध्ये 0 घाला, Maximum reviews/day मध्ये 40. बसमध्ये दहा-पंधरा मिनिटांत चाळीस होतात. हिशेबाने ६४० ला सोळा दिवस लागतील, पण चुकलेली कार्डं परत येतात, म्हणून तीनेक आठवडे धरा. उलट, इतक्या दिवसांनीही जे बरोबर आलं, त्याला अ‍ॅप लांबची तारीख देतं, कारण उशीर होऊनही ते टिकलं हे त्याला कळतं. ती कार्डं बरेच दिवस तोंड दाखवत नाहीत.

एक सांभाळा. उत्तर आलं नाही तर Again दाबा. पुष्कळ जण मनाला लागतं म्हणून Hard दाबतात. Hard म्हणजे "कष्टाने का होईना, आठवलं". न आठवलेल्याला Hard दिलं तर ते कार्ड पुढे ढकललं जातं आणि पुढच्या वेळीही कोरंच येतं. पहिल्या आठवड्यात Again भरपूर दाबावं लागेल, त्यात काही बिघडलेलं नाही.

मुळात सुटलं का, तेही बघू. गणपती निमित्त झाला असेल, पण माझा संशय नव्या कार्डांवर आहे. अँकी रोज २० नवी कार्डं देतं, ती तशीच ठेवली की काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभर-दीडशेच्या घरात जाते. शिफ्ट करून आलेल्या माणसाला ते झेपत नाही आणि मग "आवड गेली" असं वाटतं. रोज पाचच नवी घेणारे वर्षभर टिकलेले मी पाहिलेत.

कार्डं कसली आहेत, तेही तपासा. कुठल्या तरी तयार यादीतले सुटे शब्द असतील तर कंटाळा येणारच. जे कार्ड परत परत चुकतं आणि ज्याची तुम्हाला कामावर गरज नाही, ते Suspend करा, म्हणजे ते समोर येणं थांबेल. त्याच्या जागी कामावरचं वाक्य घाला. पुढे मराठीत: "ब्लोहोलमुळे दहा नग रिजेक्ट झाले." मागे: "टेन पीसेस वेअर रिजेक्टेड ड्यू टू ब्लोहोल्स." आपली माणसं यातला "वेअर" हमखास गाळतात, तोच या कार्डाचा कस. सुपरवायझर आणि हेल्परशी बोलणं मराठी-कन्नडात भागतं, पण इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि ग्राहकाला जाणारा मेल इंग्रजीत असतो. असं कार्ड आज पाठ केलं तर याच आठवड्यात लिहावं लागेल.

घरात लग्न, जत्रा किंवा रात्रपाळीचा आठवडा येणार असेल तर आदल्या रविवारीच नवी कार्डं 0 करा. त्या दिवसांत पाच कार्डं झाली तरी पुरे, एखाद्या दिवशी एकही नाही झालं तरी दुसऱ्या दिवशी चाळीसच करा, ऐंशी नको. राहिलेलं भरून काढायला बसलं की पुन्हा अ‍ॅप उघडायची भीती बसते.

थकबाकी संपून रोजचा आकडा सलग आठवडाभर चाळीसपेक्षा कमी राहिला की New cards/day मध्ये 5 घाला. त्याआधी नको, कितीही हुरूप आला तरी.