कमेंटची क्रमवारी लावताना लाइक्सवर विसंबू नकोस

व्हिडिओखालच्या कमेंटपैकी कोणत्या कमेंटला उत्तर द्यायचं, कोणती पिन करायची आणि कोणती अभिप्राय म्हणून छापायची, हे सुचवणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर त्यात लाइक्सवर क्रम लावू नकोस. तसा लावलास तर बहुधा लवकर आलेल्या कमेंटच वर राहतील. जी आधी दिसते तिलाच आणखी लाइक्स मिळतात. त्यापेक्षा प्रत्येक कमेंटला उत्तर, पिन आणि अभिप्राय असे तीन वेगळे गुण दे.

पुरणपोळीच्या व्हिडिओचं उदाहरण घे. ‘एक नंबर ताई!’ला ढीगभर लाइक्स असतात, पण तिचा उपयोग काहीच नाही. ‘मैद्याऐवजी कणीक चालेल का?’ला एकही लाइक नसतो, तरी तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत चौघांनी विचारलेला असतो. अशा कमेंट एका गटात आण, गटाच्या आकाराचे गुण दे, आणि वर पाठव. यूट्यूबवर एका व्हिडिओला एकच कमेंट पिन होते, म्हणून तिथे कणकेचं उत्तर देणारी तुझी स्वतंत्र कमेंटच लाव. अभिप्रायासाठी नेमकेपणा मोज: ‘पोळी फुटली नाही, सारण घट्ट झालं’. छापण्याआधी परवानगी घे.

टोमणे मात्र यंत्राला अनेकदा चकवतात. ‘वा, काय सुंदर करपवलीय!’ कौतुकात जमा होऊ शकते. म्हणून यादी माणसाकडे देताना तळातल्या चार-पाच कमेंटही चिठ्ठ्या टाकून उचल आणि त्यात मिसळ. त्या माणसाकडून तळातल्याच कमेंट वारंवार निवडल्या जाऊ लागल्या, तर गुणांचं गणित चुकतंय.