नकाशाच्या फोटोत खोलीचं नाव बदलायचं, दार सरकवायचं

प्रश्न: घराच्या नकाशाचा फक्त फोटो आहे, मूळ फाईल नाही. एका खोलीचं नाव बदलायचं आहे आणि दाराची खूण थोडी सरकवायची आहे. सगळा नकाशा पुन्हा न काढता जमेल का?

जमतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं ऑनलाईन कामाचं दुकान आहे आणि असं काम महिन्यात दोनदा तरी येतं. मागच्या वेळी एक काका आले. 'बेडरूम'चं 'कापूस खोली' करायचं होतं आणि दार दोन फूट उजवीकडे घ्यायचं होतं, कारण कोपऱ्यात ढीग लागला की दाराचं पान अडत होतं. म्हणाले, "बाकीच्याले हात नोको लावू बा."

मी GIMP हे फोटोत बदल करायचं सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट मिळतं. फोटो मात्र मोबाईलवरून डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा फोटो म्हणून आला तर आकार कमी होतो आणि रेषा पुसट होतात.

आधी माप काढा. त्या खोलीची भिंत नकाशात 12 फूट लिहिली होती आणि चित्रात आतून आतपर्यंत 432 पिक्सेल भरली. म्हणजे एका फुटाला 36 पिक्सेल, आणि दोन फुटांना 72. तीन फुटांच्या दाराची फट 108 पिक्सेल निघायला हवी. तेवढी निघाली नाही तर फोटो तिरका काढलाय, आधी तो सरळ करा.

दार सरकवायचं म्हटलं की लोक जुनं दार खोडतात, भिंत काढून फट बुजवतात आणि नवीन जागी परत फट पाडतात. नवीन रेषेची जाडी आणि काळेपणा जुन्याशी कधीच जुळत नाही. मी दोन तुकड्यांची अदलाबदल करतो, एकही रेषा काढत नाही.

पहिला तुकडा दाराचा: फट, दोन्ही बाजूंच्या चौकटीच्या रेषा, पान आणि पाव वर्तुळ, सगळं एका चौकोनात. दुसरा तुकडा त्याला लागूनच उजवीकडचा, 72 पिक्सेल रुंदीच्या भरीव भिंतीचा. दोघांची उंची आणि वरची कड एकच ठेवा. काकांच्या नकाशात दाराचा तुकडा डावीकडून 640 पिक्सेलवर सुरू होत होता आणि 112 रुंद होता, भिंतीचा 752 वर सुरू होत होता. अदलाबदलीनंतर भिंत 640 वर येते, दार 712 वर. दोन्ही मिळून जागा तेवढीच, 640 ते 824, म्हणून शेजारच्या कशालाही धक्का लागत नाही.

चौकोनी निवडीच्या पर्यायांत Position आणि Size च्या रकान्यांत हे आकडे टाईप करा, माउसने अंदाज घेऊ नका. दाराचा तुकडा कॉपी केला की नवीन जागी तेवढ्याच मापाची निवड करा, ती पडद्यावर पूर्ण दिसू द्या आणि पेस्ट करा, तुकडा बरोबर तिथेच बसतो. तो वेगळ्या थरावर ठेवा. मग मूळ चित्राच्या थरावर क्लिक करूनच भिंतीचा तुकडा कॉपी करा. हे क्लिक विसरलात तर कॉपी वरच्या थरातून होते आणि भिंत हाती लागत नाही. मी स्वतः यात अर्धा तास घालवला आहे.

भिंतीत तिरप्या रेघांची भरण असेल तर सांध्यावर रेघा तुटलेल्या दिसतील. भिंत दोन रेषांची किंवा पूर्ण काळी असेल तर काहीच कळत नाही. त्या चौकोनात मापाचा आकडा किंवा फरशीच्या रेषा असतील तर त्याही सरकतील, म्हणून आधी डोळे फाडून पाहा.

नावाला तेवढा वेळ लागत नाही. जुनं नाव पांढऱ्या रंगाने झाकू नका, फोटोतला कागद पांढराशुभ्र नसतोच. त्याच खोलीतला कोरा तुकडा उचलून नावावर ठेवा, अक्षरांभोवतीची करडी धूळ झाकण्यासाठी चार-पाच पिक्सेल जास्त घ्या. नवीन नाव वेगळ्या थरावर, शेजारच्या 'सपरी'च्या अक्षराइतक्याच उंचीचं आणि तेवढ्याच करड्या काळ्या रंगात लिहा. गडद काळं लिहिलं की तेवढंच नाव डोळ्यात खुपतं.

झाल्यावर प्रत काढून तिचे सगळे थर एक करा, तिच्यावर Levels उघडा आणि काळा सरकता खुंटा जवळपास उजव्या टोकापर्यंत न्या. ठिगळ असेल तर चौकोन उठून दिसतो. मग ती प्रत बंद करून खरं चित्र PNG मध्ये काढा, जेपीजीत परत धूळ येते. थरांसकट XCF ही ठेवा, काका परत येतातच.

एक मात्र पाहा, नवीन जागी कॉलमचा काळा चौकोन तर येत नाही ना. काकांच्या भिंतीत मधे कॉलम नव्हता. असता तर चित्रात दार सरकलं असतं, बांधताना नाही. आणि इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचा नकाशा असेल तर मी त्याला हात लावत नाही. बदल मिस्त्रीला दाखवण्यापुरता करून देतो आणि मंजुरीसाठी इंजिनिअरकडेच पाठवतो.