एक्सेलमध्ये चार्टचं शीर्षक सेलशी कसं जोडायचं?

प्रश्न: आमच्या दूध संस्थेचा रोजच्या संकलनाचा चार्ट दर महिन्याला बनवतो. आकडे आपोआप बदलतात, पण टायटलमधला महिना आणि एकूण लिटर हातानेच टाकावे लागतात. टायटलमध्ये `=H1` लिहिलं तर तेच अक्षरशः दिसतं. काय करू?

उत्तर: तुम्ही `=H1` टायटलच्या आत कर्सर लुकलुकत असताना लिहिताय, म्हणून एक्सेल त्याला साधा मजकूर समजतं. टायटलवर एकदाच क्लिक करा. भोवती चौकट आली पाहिजे, पण आत कर्सर नको. आत गेलाच असाल तर Esc दाबा किंवा चौकटीच्या कडेवर क्लिक करा. मग वरच्या फॉर्म्युला बारमध्ये जाऊन `=` टाका, हवा तो सेल माउसने निवडा आणि Enter मारा. बारमध्ये `=Report!$H$1` असं दिसेल. हाताने टाइप करायचं असेल तर शीटचं नावही लिहावं लागतं, नुसतं `=H1` चालत नाही. शीटच्या नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हंही लागतात: `='Monthly Report'!$H$1`. म्हणून माउसने निवडलेलंच बरं.

इथवर सोपं आहे. अडतं ते पुढे. टायटलच्या त्या बारमध्ये फक्त सेलचा पत्ता चालतो, फॉर्म्युला नाही. `="संकलन "&B1` टाकलंत की एक्सेल तक्रार करतं. म्हणून पूर्ण वाक्य आधी एका वेगळ्या सेलमध्ये जुळवायचं आणि टायटल त्या सेलला जोडायचं. मी हा सेल चार्टच्या मागेच ठेवतो, म्हणजे तो झाकलेला राहतो.

समजा B1 मध्ये महिन्याची पहिली तारीख आहे, 1 एप्रिल 2025, आणि B2 मध्ये एकूण लिटर, 184350. H1 मध्ये नुसतं `="दूध संकलन "&B1` केलं तर टायटलमध्ये «दूध संकलन 45748» येईल. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक अनुक्रमांक असतो. सेलला दिलेलं फॉरमॅट फक्त त्या सेलपुरतं. `&` ने जोडताना उघडा आकडा बाहेर येतो. म्हणून `TEXT` लागतं:

```
="दूध संकलन – "&TEXT(B1,"[$-44E]mmmm yyyy")
&CHAR(10)&"एकूण "
&TEXT(B2,"[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0")
&" लिटर"
```

`[$-44E]` हा मराठीचा कोड आहे, त्याने महिना «एप्रिल» असा येतो. तो काढलात तर नाव संगणकाच्या सेटिंगप्रमाणे येईल, बहुधा इंग्रजीत. `CHAR(10)` ने दुसरी ओळ सुरू होते. शेवटचं ते लांबलचक फॉरमॅट आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसाठी, म्हणजे 1,84,350. ज्या संगणकावर विंडोजची सेटिंग भारतीय आहे तिथे साधं `"#,##0"` ही पुरतं, पण फाइल दुसऱ्याकडे गेली की तिथे 184,350 दिसू शकतं. संस्थेची फाइल चार जणांच्या हातून जाणार असेल तर लांबचंच ठेवा.

आता B1 मध्ये 1 मे टाकलं की टायटल बदलेल. नाही बदललं तर Formulas टॅबमधलं Calculation Options पाहा. तिथे Manual असेल तर F9 दाबेपर्यंत जुनंच वाक्य राहतं.

जोडलेल्या टायटलची एक मर्यादा मात्र आहे. त्यातला एखादाच शब्द ठळक किंवा रंगीत करता येत नाही, फॉन्ट सगळ्या टायटलला एकच लागतो. एकूण लिटरचा आकडा मोठा दाखवायचा असेल तर त्याला स्वतंत्र टेक्स्ट बॉक्स द्या. आधी चार्ट निवडा, मगच Insert मधून Text Box काढा, म्हणजे बॉक्स चार्टचाच भाग होतो आणि चार्ट हलवला की सोबत हलतो. जोडणी वरच्यासारखीच: बॉक्सच्या कडेवर क्लिक, मग फॉर्म्युला बार. आकड्यासाठी मग वेगळा सेल करा, H2 वगैरे.

नंतर कुणी टायटलमध्ये शिरून एखादं अक्षर जरी सुधारलं तरी दुवा तुटतो, आणि एक्सेल त्याबद्दल काही सांगत नाही. पुढच्या महिन्यात टायटल जुनंच राहिलं की लक्षात येतं. खात्री करायची तर टायटल निवडून फॉर्म्युला बारकडे पाहा. पत्ता दिसला तर दुवा आहे, बार रिकामा असेल तर गेला. चार्ट कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये नेलात तरी हेच तपासा. पत्त्यात चौकटी कंसात जुन्या फाइलचं नाव दिसलं तर टायटल अजून तिथूनच वाचतंय, ते नव्या फाइलच्या सेलला पुन्हा जोडून घ्या.

आणि हे सगळं एक्सेलपुरतं. गूगल शीट्समध्ये चार्टचं टायटल असं थेट सेलशी जोडायची सोय नाही, तिथे Apps Script लिहावी लागते. संस्थेचं काम तिकडे हलवायचा विचार असेल तर चार्टवर नुसतं «दूध संकलन» ठेवा आणि महिना-आकडा चार्टच्या वरच्या सेलमध्येच मोठ्या अक्षरात दाखवा.