रक्त लागलेला सलाईनचा सेट लाल पिशवीत का जातो?

«आरोग्य आणि पर्यावरण विषयासाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे चारही रंग पाठ केलेत. तरी सलाईनचा सेट आला की दर वेळी चुकतं. त्याला रक्त लागलेलं असतं, मग तो पिवळ्या पिशवीत का नाही?»

कारण पिवळी पिशवी जाळली जाते, आणि तो सेट जाळायचा नसतो. वस्तू किती घाण झाली यावरून तुम्ही रंग ठरवताय, म्हणून गोंधळ होतोय. पिशवीचा रंग ती वस्तू इथून पुढे कुठे जाणार, हे सांगतो.

मी नर्स आहे आणि आमच्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. नव्या मुलींना शिकवताना मी आधी तक्ता दाखवत नाही. एका पेशंटला सलाईन लावून, इंजेक्शन देऊन, जखमेचं ड्रेसिंग करून झालं की जो ट्रे उरतो तो समोर ठेवते आणि एकेक वस्तू उचलून विचारते, हिचं पुढे काय करायचं?

रक्ता-पुवाने भिजलेला कापूस आणि गॉज. तो धुऊन परत वापरता येत नाही, त्याचं दुसरं काही बनत नाही. म्हणून पिवळी पिशवी. ती भट्टीत जाते. या भट्टीला दोन कप्पे असतात: पहिल्यात साधारण 800 अंश सेल्सिअसला कचरा जळतो, दुसऱ्यात साधारण 1050 अंशाला त्यातून निघालेला वायू निदान दोन सेकंद पुन्हा जाळला जातो. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव, प्रसूतीनंतरची वार, मुदत संपलेली औषधं, वापरलेला मास्क, सगळं इकडेच.

आता तुमचा सेट. ती नळी बहुतेक वेळा पीव्हीसीची असते, आणि पीव्हीसीत क्लोरीन असतं. ती जाळली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते, आणि जळण अपुरं राहिलं किंवा धूर सावकाश थंड झाला तर डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. ही द्रव्यं शरीरातल्या चरबीत साठून राहतात. भट्टीच्या चिमणीतून ती किती बाहेर पडावीत याची मर्यादा नॅनोग्रॅममध्ये लिहिलेली आहे, यावरूनच त्यांची धास्ती कळते. म्हणून सलाईनची प्लॅस्टिक बाटली, सेट, कॅथेटर, हातमोजे, सुईशिवायची सिरिंज हे सगळं लाल पिशवीत. ती ऑटोक्लेव्हमध्ये जाते. तिथे दाबाखालच्या वाफेने, उदाहरणार्थ 121 अंशाला साध्या यंत्रात तासभर, जंतू मारतात. मग प्लॅस्टिकचे तुकडे करतात आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जातात. पिशव्यांचं प्लॅस्टिकसुद्धा क्लोरीनविरहित हवं, असं 2016 च्या नियमांत आहे, ते याच कारणासाठी.

तुकडे करणं ही यातली सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. ती का घातली हे समजायला 2009 मधलं गुजरातच्या मोडासाचं प्रकरण आठवा. तिथे हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली आणि वापरलेल्या सिरिंज-सुया पुन्हा वापरात येत असल्याचं समोर आलं. नुसती निर्जंतुक केलेली सिरिंज दिसायला नवीच दिसते. म्हणून ती पुन्हा वापरताच येणार नाही अशी करूनच पुढे पाठवायची.

ट्रेमध्ये उरल्या सुया आणि काच. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या टणक डब्यात जाते. सुईकटरने सिरिंजचं टोक कापायचं. सुई कटरच्या डब्यातून पांढऱ्याकडे, सिरिंज लालकडे. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई निघतच नाही, ती अख्खी पांढऱ्यात. सुईला परत टोपण मात्र लावायचं नाही, कारण टोपण लावतानाच बोटाला लागते. फुटलेला काचेचा अँप्यूल निळ्या डब्यात, कर्करोगाच्या औषधाचा असेल तर मात्र पिवळीत. सेटचं वेष्टन, सिरिंजचा कागद यांना रक्त लागलेलं नसतं. ते साध्या कचऱ्यात. हे वेष्टन पिवळीत टाकणं ही आमच्याकडची रोजची चूक. त्याने भट्टीवर नुसतं ओझं वाढतं.

चुकलं तर काय होतं? आमच्याकडे एकदा कोणी कापलेल्या नव्हे, अख्ख्या सुईसकट सिरिंज लाल पिशवीत टाकली. पिशवी उचलताना ती मावशींच्या पोटरीत घुसली. जखम लगेच साबण-पाण्याने धुतली, ती दाबून रक्त काढलं नाही, आणि दोन तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. या गोळ्या जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. पेशंट कोण हे कळलं नाही, कारण पिशवी अख्ख्या वॉर्डची होती. मावशींना हिपॅटायटिस बी ची लस आधीच दिलेली होती, तेवढा एक आधार होता. पुढचे सगळे महिने त्यांनी रिपोर्टची वाट बघत काढले. रिपोर्ट चांगले आले, पण ते महिने मी विसरलेली नाही.

त्यानंतर मी पिशव्या बांधायच्या आधी बघायला लागले. बाहेरूनही बरंच कळतं. लाल पिशवी जड आणि ओली लागली की आत कापूस किंवा न रिकामी केलेली सलाईन आहे. ओल्या गठ्ठ्याच्या आत वाफ नीट पोचत नाही, त्यामुळे ऑटोक्लेव्ह केलं तरी मधला भाग कच्चा राहू शकतो. आतपर्यंत जंतू मेले का हे तपासायला कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सहन करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी यंत्रात ठेवतात. नंतर ते वाढले नाहीत, तरच यंत्र नीट चाललंय. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. त्याच्या वर रेटून सुया कोंबलेल्या दिसल्या तर वॉर्डला पुरेसे डबे दिलेले नाहीत, असं समजायचं.

पिशव्यांना बारकोड लावून, वजन करून त्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत जातात. असं केंद्र 75 किलोमीटरच्या आत असेल तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी लावता येत नाही. भिजलेला कापूस आणि अवयव 48 तासांपेक्षा जास्त साठवायचे नसतात. जिथे केंद्राची सोयच नाही अशा दुर्गम भागात अवयव आणि भिजलेल्या कचऱ्यासाठी परवानगीने खोल खड्डा चालतो: साधारण दोन मीटर खोल, निम्म्यापर्यंत कचरा, वर चुना, मग माती.

परीक्षेत रक्ताची पिशवी नक्की विचारतील. तीही प्लॅस्टिकचीच, पण आत रक्त राहिलेलं असतं, म्हणून नियमाने ती पिवळ्यात गणली आहे. लघवीची पिशवी मात्र आधी रिकामी करून लाल पिशवीत जाते.