स्टील आणि नो-फोर्स: लाइट गेल्यावर काय?

प्रश्न: स्टील/नो-स्टील, फोर्स/नो-फोर्स यांत बंद पडलेला डेटाबेस पूर्ववत करणाऱ्या रिकव्हरी मॅनेजरचं काम कसं बदलतं?

उत्तर: नाशिकच्या बाजार समितीचा डेटाबेस धरा. T1 या ट्रान्झॅक्शननं व्यापाऱ्याची शिल्लक 50,000 ची 38,000 केली. कमिट बाकी असतानाच मेमरीतला बफर भरल्यामुळे ती शिल्लक असलेलं पान डिस्कवर गेलं, हे स्टील. T2 नं दुसऱ्या खात्यात 9,000 जमा करून कमिट केलं, पण पान मेमरीतच राहिलं, हे नो-फोर्स. तेवढ्यात लाइट गेली. आता लॉगमधून, म्हणजे बदलांच्या नोंदींवरून, T2 रिडू म्हणजे पुन्हा लागू करायचं आणि T1 अंडू म्हणजे रद्द करून 50,000 परत आणायचे. त्यासाठी पानाआधी त्याची लॉग नोंद डिस्कवर हवी, आणि कमिट झाल्याचं कळवण्याआधी कमिटपर्यंतचा लॉगही.

नो-स्टीलमध्ये अंडू टळतं, पण मोठं ट्रान्झॅक्शन बफर अडवून बसतं. फोर्समध्ये रिडू टळतं, पण प्रत्येक कमिट विखुरलेली पानं लिहिण्यात रखडतं. म्हणूनच बहुतेक डेटाबेस स्टील आणि नो-फोर्सच घेतात.