दुपारचा पेपर आणि दुपारची झोप

"मॅडम, पोरगी पहाटे साडेचारला उठते, पण दुपारी पुस्तकावरच मान टाकते. डोकं दुखतं म्हणते. नीटचा पेपर तर दुपारी दोनला असतो. मग तिला दुपारी झोपू द्यायचं की नाही?"

लालबागच्या चाळीत, वरच्या पत्र्याच्या मजल्यावर राहणाऱ्या या आईंना मी आधी रात्रीचं विचारलं. घरातला टीव्ही साडेअकराला बंद व्हायचा, त्यामुळे मुलीला झोपायला बारा वाजायचे. मग दुपारी ती दोन-अडीच तास गाढ झोपायची, जड डोक्याने उठायची आणि रात्री पुन्हा झोप येत नसे. दुपारची झोप वाईट नाही, लांबली की त्रास देते. अर्धा तास पुरतो.

डोकेदुखीचं कारण मात्र मुलगी एकटी असताना कळलं. ती दिवसभरात जेमतेम एक बाटली पाणी प्यायची. "संडास गॅलरीच्या टोकाला आहे, सगळ्यांसमोरून सारखं जायला लाज वाटते," म्हणाली. ही अडचण मुली आपणहून सांगत नाहीत, म्हणून मी ती विचारतेच. मुंबईत पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही. अंग थंड होत नाही आणि घाम वाहतच राहतो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजावं. एकदम लिटरभर पिण्याऐवजी तासातासाला एक पेला, आणि फार घाम आला तर चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत, असं ठरलं. गॅलरीतून जाताना तिच्यासोबत आई जाऊ लागली. उलट्या, चक्कर किंवा ताप असेल तर मात्र अभ्यास बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा, हेही बजावलं.

टीव्ही पावणेदहाला बंद झाला. पाच ते साडेआठ भौतिकशास्त्राची गणितं, कारण तेव्हा पत्रा तापलेला नसतो. जेवणानंतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या खोलीत गजर लावून अर्धा तास झोप, मग तिथेच जीवशास्त्राचं वाचन.

पेपरच्या तीन आठवडे आधी आम्ही हे वेळापत्रक फिरवलं. कारण रोज दोनला आडवं व्हायची सवय लागली, की शरीर त्या वेळी झोपच मागतं. डुलकी साडेअकरावर आणली, जेवण साडेबाराला, आणि दोन ते पाच सराव पेपर. पहिल्या पेपरात साडेतीननंतरच्या उत्तरांत चुका एकदम वाढल्या. विचारल्यावर कळलं, पोटभर भात खाऊन बसली होती. पुढच्या वेळी एक पोळी, भाजी आणि ताक घेतलं. चुका कमी झाल्या. सराव पेपरला पाण्याची पारदर्शक बाटली शेजारी असायची, आणि दर पन्नास प्रश्नांनंतर दोन घोट. परीक्षेच्या दिवशीही हेच करायचं ठरलंय.