चिलखत धारेनं कापत नाही, मग फुटतं कशानं?

*प्रश्न: नाटक-सिनेमात चिलखत घातलेला माणूस तलवारीच्या एका वारात आडवा होतो. खरंच असं व्हायचं का? नसेल, तर कड्यांचं, पत्र्याचं आणि कापडी चिलखत कोणत्या शस्त्रानं फोडायचे?*

नाही, असं होत नसे. माझं रेवदंड्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि शिवजयंतीच्या नाटकांसाठी मी चिलखतं, जिरेटोप करून देतो. त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. तिन्ही प्रकारांबद्दल सांगतो, पण जास्त कड्यांच्या चिलखताबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे.

आधी एक खुलासा. यूट्यूबवर तलवारीनं कड्यांचं चिलखत फाडून दाखवतात, ते बहुतेक वेळा मी नाटकाला देतो तसलंच असतं: जीआय तारेची कडी, टोकाला टोक भिडवून नुसती दाबलेली. जरा जोर बसला की अशी कडी उघडते. लढाईच्या चिलखतात तारेची दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून ठोकून चपटी करत, त्यांना भोक पाडत आणि त्यात बारीकसा रिव्हेट मारत. अशी प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. संग्रहालयात गेलात तर कडीवर रिव्हेटचा छोटा फुगवटा दिसतो का ते बघा. दिसला नाही आणि कडीत फट दिसली, तर ते बहुधा मिरवायचं चिलखत समजा.

अशा जाळीवर तलवारीची धार एकाच वेळी अनेक कड्यांवर पडते. जोर वाटला जातो, जाळी थोडी सरकते आणि धारच बोथट होते. अणीचं तसं नाही. अरुंद, जाड कण्याची अणी एकाच कडीत शिरते आणि पाचरीसारखी तिला आतून ताणते. मग ती कडी तुटते, बहुतेक वेळा रिव्हेटपाशी, कारण भोक पाडल्यामुळे तिथला लोखंडाचा भाग सगळ्यात कमी उरलेला असतो. आपल्याकडचं पेशकब्ज, कट्यार, जमदाड ही याच कामाची हत्यारं. कट्यारीची आडवी मूठ पकडली की पातं मुठीपुढे हाताच्या सरळ रेषेत येतं, म्हणून खांद्याचा सगळा जोर अणीवर जातो. पुष्कळ कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, तेही कडी फोडताना वाकू नये म्हणूनच.

मग प्रतापगडावर काय झालं? १० नोव्हेंबर १६५९. खानानं महाराजांची मान बगलेत दाबली आणि कुशीत जमदाड चालवली. सभासद बखरीप्रमाणे ती आतल्या कुडतीवर नुसती खरखरली, अंगाला लागली नाही. हत्यार तर कडी फोडायचंच होतं, तरी वार फुकट गेला. माझ्या मते दोन कारणं आहेत. माणूस अंगाला भिडलेला असेल तर हात मागे घेऊन वेग द्यायला जागाच राहत नाही. शिवाय बगलेत धरलेल्या माणसाच्या कुशीला हत्यार काटकोनात लागत नाही, तिरपं लागतं, आणि तिरपी अणी कडीत न शिरता जाळीवरून घसरते. बखरीतलं ते खरखरणं म्हणजे बहुधा हे घसरणंच असावं. उलट प्रचलित वर्णनांनुसार खानाच्या अंगात चिलखत नव्हतं. त्यामुळे तेवढ्याच अडचणीच्या जागेत, तशाच जवळून केलेला महाराजांचा वार थेट पोटात गेला.

वेग आणि जोर किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर ॲलन विल्यम्स या धातू-अभ्यासकाच्या चाचण्या आहेत. आत कापडी गादी असलेलं कड्यांचं चिलखत भेदायला बाणाच्या अणकुचीदार टोकाला सुमारे १२० ज्यूल लागले, आणि धारेच्या पात्याला त्याहून बरेच जास्त. १२० ज्यूल म्हणजे आमच्याकडे माडावरून, आठेक मीटरवरून, दीड किलोचा न सोललेला नारळ पडला तर तो जेवढी ऊर्जा घेऊन येईल, जवळपास तेवढी. आता हाच नारळ चिलखतावर पडला तर एकही कडी तुटणार नाही, पण गळ्याजवळचं हाड मोडेल. गुर्ज, म्हणजे लोखंडी गदा, नेमकं हेच करतो. जाळी लवचिक असल्यामुळे तिला भेदायची गरजच नसते, घाव तिच्यातून हाडापर्यंत पोचतो. म्हणूनच कड्यांच्या खाली जाड कापडाची बंडी लागायचीच. ती नसेल तर चिलखत शाबूत आणि माणूस जायबंदी.

पत्र्याच्या चिलखतानं हा घावाचा प्रश्न बराचसा सोडवला. आमच्या चौलला आणि समोर कोर्लईला पोर्तुगीज होते, त्यांच्याकडे छातीचे पोलादी पत्रे असत. आपल्याकडे कड्यांच्या चिलखतावर चार पत्रे बांधायचे, तो चारआईना. छातीचा पत्रा मध्यावर दोनेक मिलिमीटर, कडेला पातळ, आणि मुद्दाम फुगीर ठोकलेला, म्हणजे अणी आली की बाजूला सरकावी. तलवारीची धार इथे जवळपास निरुपयोगी. पंधराव्या शतकातले युरोपातले शिपाई म्हणूनच डाव्या हातानं स्वतःच्याच तलवारीचं पातं मध्यावर धरून तिचा आखूड भाला करत आणि काखेत, जांघेत, नाहीतर शिरस्त्राणाच्या फटीत टोक खुपसत. कधी तलवार उलटी धरून मुठीकडच्या जड टोकानं डोक्यावर हाणत. ज्याला पत्राच गाठायचा असे तो हातोडा किंवा चोचीचं हत्यार घेई. चोच मात्र सरळ बसली तरच रुतते, आणि एकदा रुतली की ओढून काढेपर्यंत तुमचा हात अडकलेला. म्हणून मला हातोड्याची सपाट बाजू जास्त भरवशाची वाटते. शिरस्त्राणाला भोक पडलं नाही तरी डोकं बधिर होतंच, आणि मग खाली पाडून फटीत खंजीर घालायला वेळ मिळतो.

राहिलं कापडी चिलखत. लोक त्याला हसतात, पण पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळच्या नियमांत शिपायांच्या बंडीला कापडाचे पंचवीस ते तीस थर आणि वरून हरणाचं कातडं सांगितलं आहे. एवढ्या थरांना नुसता घाव घातला तर तलवार दबते आणि अडकते. धार वस्तऱ्यासारखी असेल आणि वार ओढून केला तरच कापड कापलं जातं, आणि हे काम वाकड्या पात्याची तलवार सरळ पात्यापेक्षा चांगलं करते. गुर्जाचा घाव कापड बऱ्यापैकी पिऊन टाकतं. त्याला खरी भीती भाल्याची, कारण भाल्याच्या टोकाला धारही असते आणि मागे घोड्याचा वेगही. थर दाबले जायच्या आधीच चिरले जातात.

तुम्हीही कोकणातले असाल आणि नाटकासाठी काही करून घेणार असाल तर कापडीच घ्या. कड्यांच्या चिलखताला इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांब चढते, आणि मग वाळूत घासत बसावं लागतं. कापडाला बुरशी येते खरी, पण ऊन पडलं की अंगणात टाकता येतं.